फोटोतील आलेखावरून y = 3 − (1/2) f(2x + 4) काढताना आलेख नेमका कुठे जातो?

मलप्रभाकाठ
माझी भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि आता बेळगावात द्वितीय पीयूसीला आहे. तिच्या शिकवणीत एका कागदावर हाताने काढलेला आलेख देऊन त्यावरून दुसरा आलेख काढायला सांगितले होते. तिने काढलेल्या उत्तरावर लाल फुली आली आहे, मात्र चूक कुठे झाली याबद्दल कागदावर एक अक्षरही नाही. मूळ कागदाचा फोटो जोडत आहे. तो दिव्याखाली तिरका काढलेला असल्यामुळे चौकटी एका बाजूला निमुळत्या दिसतात, म्हणून ज्यांना तो नीट दिसणार नाही त्यांच्यासाठी शब्दांतही सांगते.

आलेख तीन सरळ रेषाखंडांचा आहे. तो A(−4, 0) पासून चढत B(−2, 4) या शिखरापर्यंत जातो, तेथून उतरत C(2, −2) या तळापर्यंत येतो आणि पुन्हा चढून D(6, 2) येथे संपतो. A च्या डावीकडे आणि D च्या उजवीकडे काहीही नाही. हा y = f(x) मानून y = 3 − (1/2) f(2x + 4) चा आलेख काढायचा आहे आणि आलेखात काय काय बदल झाले ते क्रमाने लिहायचे आहे. भाचीचे उत्तर A′(−6, 3), B′(−5, 1), C′(−3, 4), D′(−1, 2) असे आहे. तिचे म्हणणे असे की 2 मुळे आलेख आडवा निम्मा झाला, +4 मुळे तो ४ एकक डावीकडे गेला, ऋण चिन्हामुळे उलटा झाला, अर्ध्यामुळे उभा निम्मा झाला आणि 3 मुळे वर गेला. मला यात काहीच वावगे दिसत नाही. जाणकारांनी कृपया पाहावे.

निपाणीचा_गणिती
ताई, चूक क्रमाची आहे. आधी सरकवायचे आणि नंतर आक्रसायचे, असा नियम आहे. आपल्या भाचीने आधी निम्मे केले आणि मग ४ एकक सरकवले. त्याऐवजी आधी ४ एकक डावीकडे सरकवा, म्हणजे −4, −2, 2, 6 या x-निर्देशकांचे −8, −6, −2, 2 होतील, आणि मग ते निम्मे करा, म्हणजे −4, −3, −1, 1 मिळतील. y-निर्देशकांनाही हाच नियम लावायचा. आधी ३ वर न्या, मग −1/2 ने गुणा. A चा y-निर्देशक 0 होता, तो 3 होईल आणि मग −1.5 होईल. B चा −3.5, C चा −0.5 आणि D चा −2.5 होईल. बरोबर उत्तर A′(−4, −1.5), B′(−3, −3.5), C′(−1, −0.5), D′(1, −2.5) असे आहे.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
मी शिक्षक नाही. फाउंड्रीत भट्टीच्या तापमानाची नोंद पेन आणि कागदाच्या पट्टीवर व्हायची, त्या यंत्रावर मी अनेक वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की गुणक २ झाला की आलेख ताणला जातो, तो आक्रसत नाही. आम्ही पट्टीचा वेग दुप्पट केला की तापमान चढण्याची तीच रेघ कागदावर दुप्पट लांब पसरत असे. त्यामुळे 2x असताना आलेख निम्मा कसा होतो, हे मला अजिबात पटलेले नाही. मला वाटते की भाचीची चूक येथेच असावी.

चिकोडीचे_सर
फोटो पाहिला. वर आलेल्या तिन्ही म्हणण्यांत काही ना काही बरोबर आहे, म्हणून आधी उद्यमबागच्या मित्रांचा मुद्दा घेतो, कारण बाकीचा गोंधळही तेथूनच उगवतो.

पट्टीचा वेग दुप्पट केल्यावर जी खूण पूर्वी ५ सेंटिमीटरवर पडत होती ती आता १० सेंटिमीटरवर पडते. म्हणजे कागदावरील प्रत्येक बिंदूच्या x-निर्देशकाला आपण २ ने गुणले. हे पूर्णपणे बरोबर आहे. आता या नव्या पट्टीचे सूत्र लिहून पाहा. नव्या पट्टीवर १० सेंटिमीटरवर काय दिसते, असे विचारले तर जुन्या पट्टीवर ५ सेंटिमीटरवर पाहावे लागते. म्हणून नव्या पट्टीचे सूत्र f(x/2) असे होते, f(2x) असे होत नाही. बिंदूला जे केले त्याच्या नेमके उलटे सूत्राच्या कंसात दिसते. आपण बिंदूंचा गुणक सांगितला आहे आणि प्रश्नात कंसातील गुणक दिला आहे. त्यामुळे आपला अनुभव खरा असूनही येथे आलेख निम्माच होणार.

आता मूळ प्रश्न. नियम पाठ करण्याऐवजी एकाच बिंदूचा माग काढू या. B घ्या. f ला −2 दिले की 4 मिळतात, एवढेच B आपल्याला सांगतो. नव्या सूत्रात f च्या पोटात 2x + 4 जाते. तेथे −2 जायला हवे असेल तर 2x + 4 = −2, म्हणजे 2x = −6, म्हणजे x = −3. हे समीकरण सोडवताना हाताने काय केले तेवढे पाहा. आधी 4 वजा केले आणि मग 2 ने भागले. म्हणूनच आडव्या दिशेला आधी ४ एकक डावीकडे सरकणे आणि मग निम्मे होणे असा क्रम येतो. निपाणीकरांचे x-निर्देशक या कारणाने बरोबर आहेत.

उभ्या दिशेला मात्र काहीच सोडवायचे नसते. f ने 4 दिले, त्याला −1/2 ने गुणले तर −2 आले, त्यात 3 मिळवले तर 1 आले. येथे सूत्र जसे वाचतो तसेच चालायचे असते, आधी गुणाकार आणि मग बेरीज. निपाणीकरांनी आडव्या दिशेचा क्रम उभ्या दिशेलाही लावला, त्यामुळे त्यांचे सर्व y-निर्देशक बिघडले. त्यांचे उत्तर y = −(1/2)(f(2x + 4) + 3) या वेगळ्याच सूत्राचे आहे.

चारही बिंदूंना हेच लावले तर A′(−4, 3), B′(−3, 1), C′(−1, 4), D′(1, 2) मिळतात. भाचीचे y-निर्देशक सगळे बरोबर आहेत आणि x-निर्देशक सगळे २ एककांनी डावीकडे गेलेले आहेत. आधी निम्मे करण्याची तिची पद्धत चुकीची नाही. फक्त तसे करायचे असेल तर कंसातून 2 सामाईक काढून f(2(x + 2)) असे लिहावे लागते, आणि मग सरकणे ४ चे राहत नाही, २ चे होते. तिने क्रम एका रूपातला घेतला आणि आकडा दुसऱ्या रूपातला घेतला.

मलप्रभाकाठ
सर, मनापासून आभार. आपले उत्तर भाचीला वाचून दाखवले. तिची शंका अशी आहे की तिने काढलेली आकृती आणि आपल्या बिंदूंवरून काढलेली आकृती अगदी तंतोतंत एकसारखी आहे, फक्त जागा वेगळी आहे. मग परीक्षेत स्वतःचे उत्तर चुकले आहे हे तिला आकृतीकडे पाहून कसे कळणार?

चिकोडीचे_सर
आकृतीच्या आकारावरून कळणार नाही, हे तिचे निरीक्षण योग्य आहे. या प्रश्नात तर आकार आणखी फसवा आहे. आडवी आणि उभी, दोन्ही मापे निम्मी झाल्यामुळे नवी आकृती मूळ आकृतीची निम्म्या आकाराची उलटी प्रत होते आणि कोठेही वेडीवाकडी ताणलेली दिसत नाही. रेषाखंडांचे चढ तपासा. मूळ आकृतीत ते 2, −1.5 आणि 1 आहेत, तर नव्या आकृतीत −2, 1.5 आणि −1 आहेत. फक्त चिन्हे बदलली, आकडे तेच राहिले. निपाणीकरांच्या उत्तरातील चढही नेमके हेच येतात. म्हणजे तिन्ही उत्तरांत आकृती एकच आहे आणि वाद फक्त ती कागदावर कोठे ठेवायची याचा आहे.

जागा तपासण्याची खात्रीची खूण म्हणजे आलेखाची दोन टोके. f फक्त −4 पासून 6 पर्यंत अस्तित्वात आहे, म्हणून 2x + 4 ची किंमत −4 आणि 6 यांच्या दरम्यानच असली पाहिजे. यावरून x ची किंमत −4 पासून 1 पर्यंत येते. भाचीचा आलेख −6 पासून सुरू होतो. x = −6 ठेवले तर कंसात −8 येतात आणि f(−8) नावाची गोष्ट कागदावर नाहीच. तिने −6 पासून −4 पर्यंत जी रेघ काढली आहे तिला मूळ आलेखात कोणताच आधार नाही. एवढी एक तपासणी केली असती तर चूक तेथेच उघडी पडली असती.

याच प्रश्नात आणखी एक सोय आहे. (x − 4)/2 = x सोडवले तर x = −4 येते, म्हणजे x = −4 या उभ्या रेषेवरचा बिंदू आडवा हलतच नाही. त्याचप्रमाणे 3 − y/2 = y सोडवले तर y = 2 येते, म्हणजे या उंचीवरचा बिंदू वर-खाली हलत नाही. मूळ आकृतीत A बरोबर x = −4 वर आणि D बरोबर y = 2 वर आहे. म्हणून A′ हा A च्या सरळ वर आणि D′ हा D च्या सरळ डावीकडे यायलाच हवा. प्रश्न काढणाऱ्याने हे जाणूनबुजून केले असावे असे मला वाटते, कारण इतके सोयीचे आकडे आपोआप जुळून येत नाहीत.

सीईटी_परत_एकदा
मी गेल्या वर्षी सीईटी दिली आहे आणि यंदा पुन्हा देणार आहे. पर्याय दिलेले असतील तर मी एवढे सगळे करत नाही. सूत्रात x = 0 ठेवतो आणि ज्या पर्यायात तो बिंदू असेल तो निवडतो. येथे x = 0 ठेवले तर f(4) लागते. C ते D या रेषाखंडाचा चढ 1 आहे, त्यामुळे f(4) = 0, म्हणून आलेख y-अक्षाला (0, 3) येथे छेदतो. पण माझा प्रश्न वेगळा आहे. मूळ आलेख x-अक्षाला तीन ठिकाणी भेटतो, मग नवा आलेखही x-अक्षाला तीन ठिकाणीच भेटायला हवा ना? बदलात छेदबिंदूंची संख्या बदलत नाही असे आम्हाला सांगितले होते, आणि सरांच्या बिंदूंवरून काढलेला आलेख तर x-अक्षाला कोठेच शिवत नाही.

चिकोडीचे_सर
आलेख फक्त आडवा सरकला किंवा आडवा ताणला गेला तर छेदबिंदूंची संख्या कायम राहते. उभा फक्त ताणला किंवा x-अक्षात प्रतिबिंबित झाला तरी कायम राहते, कारण शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. उभे सरकणे आले की मात्र ती हमी संपते. मूळ आलेखाचे x-अक्षावरील तीन बिंदू x = −4, x = 2/3 आणि x = 4 येथे आहेत. त्या सर्वांचा y-निर्देशक 0 आहे, म्हणून नव्या आलेखात तिघेही y = 3 या रेषेवर जाऊन बसतात. आपल्याला मिळालेला (0, 3) हा त्यांतीलच एक, जुना (4, 0).

नवा आलेख x-अक्षाला भेटायचा असेल तर 3 − (1/2) f = 0, म्हणजे f ची किंमत 6 व्हायला हवी. मूळ आलेखाची सर्वांत जास्त उंची B येथे 4 आहे, म्हणून ते कधीच होणार नाही. नव्या आलेखाचा सर्वांत खालचा बिंदू B′ आहे आणि तोही x-अक्षाच्या १ एकक वर आहे. जो बिंदू पूर्वी शिखर होता तो आता तळ झाला, हे वर्णनात लिहायला भाचीने विसरू नये.

एक सावधगिरी मात्र सांगतो. एकच बिंदू ठेवून पर्याय निवडण्याची आपली रीत येथे भाचीचा आलेख बाद करील, कारण तो −1 लाच संपतो. निपाणीकरांचा आलेखही बाद होईल. परंतु दोन पर्याय एकाच बिंदूतून जाणारे असतील तर ही रीत अडकते, म्हणून दुसरा बिंदू एखाद्या टोकाचा घ्यावा.

निपाणीचा_गणिती
y-निर्देशकांबाबत सरांचे म्हणणे मान्य आहे. तरीही वर्णन लिहिताना एक क्रम ठरलेला असावा असे माझे मत कायम आहे. "४ एकक डावीकडे, नंतर आडवे निम्मे" आणि "आडवे निम्मे, नंतर २ एकक डावीकडे" ही दोन्ही वर्णने बरोबर असतील तर तपासणाऱ्याच्या हातातील नमुना उत्तराशी न जुळणाऱ्या मुलाचे गुण जाणार.

चिकोडीचे_सर
गणिताच्या दृष्टीने दोन्ही पूर्ण बरोबर आहेत, कारण (x − 4)/2 आणि x/2 − 2 ही एकच गोष्ट आहे. तपासणारा काय करील हे मी सांगू शकत नाही. मी स्वतः मुलांना कंसातून गुणक सामाईक काढूनच लिहायला लावतो, कारण त्या रूपात सरकण्याचा आकडा आकृतीवर थेट मोजता येतो. आडवे आणि उभे बदल एकमेकांत कसेही मिसळले तरी चालते, त्यांची एकमेकांना अडचण होत नाही. क्रम जपायचा तो फक्त एकाच दिशेतील ताणणे आणि सरकणे यांच्यात.

मलप्रभाकाठ
त्याच कागदाच्या मागच्या बाजूला आणखी एक प्रश्न आहे, त्याचाही फोटो जोडते. दोन वक्र एकाच आकृतीत आहेत. दोन्ही आरंभबिंदूतून जातात आणि दोन्ही प्याल्यासारखे वर उघडतात. बाहेरचा रुंद वक्र y = x² आहे आणि त्यावर P(2, 4) लिहिलेले आहे. आतला अरुंद वक्र (1, 4) मधून जातो. आतल्या वक्रावर P′ अशी खूण आहे, पण फोटो काढताना माझा अंगठा नेमका तेथेच आला आहे. "एकच बदल करून बाहेरच्या वक्रावरून आतला वक्र मिळतो, तो बदल सांगा" असा प्रश्न आहे. भाचीने "उभा चौपट ताणला" असे लिहिले आहे आणि याला अजून फुली किंवा बरोबरची खूण, काहीच नाही.

सीईटी_परत_एकदा
आतला वक्र y = 4x² आहे, म्हणजे उभे चौपट ताणणे. उत्तर बरोबर आहे.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
सरांनी पट्टीचे उदाहरण समजावल्यावर मला येथे दुसरेच दिसते. 4x² म्हणजे (2x)² नव्हे काय? मग हा आडवा निम्मा केलेला वक्र झाला. पट्टीचा वेग निम्मा केला तर असेच दिसेल.

चिकोडीचे_सर
आपण दोघेही बरोबर आहात. या वक्राच्या बाबतीत दोन वेगळ्या क्रियांनी कागदावर एकच रेघ उमटते, आणि नुसती रेघ पाहून कोणती क्रिया झाली हे कोणालाही सांगता येणार नाही. बिंदूला नाव दिलेले असते ते याचसाठी. उभे ताणले असेल तर P(2, 4) चा P′(2, 16) होतो आणि आडवे आक्रसले असेल तर P′(1, 4) होतो. दोन्ही बिंदू आतल्या वक्रावरच आहेत, पण एक फार उंचावर आहे आणि दुसरा P च्याच उंचीवर आहे.

फोटोत y-अक्षावरील आकडे 8 पर्यंतच दिसतात. (2, 16) त्या कागदावर मावणार नाही, आणि आपला अंगठा तर साधारण P च्या उंचीलाच आला आहे. त्यावरून P′(1, 4) असण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि तसे असेल तर "उभा चौपट" हे उत्तर या प्रश्नाला लागू पडणार नाही. परंतु तिरक्या फोटोत उंचीचा अंदाज फसवा असतो. बिंदूशेजारी लिहिलेला आकडा आणि चौकटीवर दिसणारी जागा यांत मेळ नसेल तर लिहिलेला आकडाच प्रमाण मानावा, आणि येथे तो आकडाच झाकला गेला आहे.

निपाणीचा_गणिती
प्रश्नात "बदल सांगा" एवढेच म्हटले असेल आणि P′ चा उल्लेख प्रश्नाच्या वाक्यात नसेल, तर माझ्या मते दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यायला हवेत. आकृतीत खूण आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असे बंधन मुलावर कसे घालता येईल?

चिकोडीचे_सर
येथे माझे मत वेगळे आहे. आकृती हा प्रश्नाचाच भाग असतो आणि नाव दिलेला बिंदू म्हणजे दिलेली माहिती असते. तरीही आपला आक्षेप अगदीच निराधार नाही, कारण प्रश्न काढणाऱ्याने मुळात हा गोंधळ टाळायला हवा होता. त्याने y = x² ऐवजी y = x² + 1 घेतला असता तर नाव दिलेल्या बिंदूची गरजच उरली नसती. उभा चौपट ताणल्यावर y = 4x² + 4 मिळतो आणि त्याचा तळ (0, 1) वरून (0, 4) वर जातो. आडवा निम्मा केल्यावर y = 4x² + 1 मिळतो आणि तळ जागचा हलत नाही. मग रेघ पाहूनच उत्तर एकच आले असते.

मलप्रभाकाठ
प्रश्नाच्या वाक्यात P′ चा उल्लेख नाही, एवढे भाचीच्या लक्षात आहे. तिने आतल्या वक्राचे सूत्र काढले आणि P कडे पाहिलेच नाही, असे ती सांगते. मूळ कागद सध्या शिकवणीच्या ठिकाणी जमा आहे. तो परत मिळाला की अंगठा बाजूला ठेवून फोटो काढते आणि P′ शेजारी काय लिहिले आहे ते येथे टाकते.